साठा तफावत पत्रक: गोदामातली मोजणी आणि वहीतली शिल्लक यांचा मेळ कसा घालायचा

मार्च अखेरीला बहुतेक दुकानांत साठ्याची मोजणी होते. मोजलेले आकडे कॉम्प्युटरमधल्या शिलकीशेजारी लिहिले जातात, वजाबाकी होते, दराने गुणलं जातं आणि खाली एक निव्वळ रक्कम येते. ती छोटी असली की सगळे सुटकेचा श्वास सोडतात. माझं म्हणणं असं, की कागदावर सगळ्यात कमी भरवशाचा आकडा हाच असतो. त्यात खरी तूट, उशिरा झालेली बिलं, चुकीची एककं आणि अदलाबदल झालेला माल अशा चार वेगळ्या गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या केल्याशिवाय रुपये लावू नयेत.

हे दाखवायला मी बांधकाम साहित्याचं दुकान घेतो: सिमेंट, सळई, रंग, वायर, पाइप फिटिंग. या धंद्यात माल पोत्यात, किलोत, नगात, मीटरमध्ये आणि लिटरमध्ये येतो आणि बऱ्याचदा दुसऱ्याच एककात विकला जातो. त्यामुळे तफावतीची जवळजवळ सगळी कारणं एकाच छताखाली सापडतात. खालचे आकडे समजावण्यासाठी मांडलेले आहेत, पण प्रत्येक प्रकार अशा दुकानांत नेहमी घडणारा आहे.

आधी हिशेबाचा क्षण ठरवा

मोजणी रविवार २९ मार्च २०२६ रोजी दुकान बंद ठेवून करायची, असं धरू. मग पुस्तकी शिल्लकही त्याच दिवसाची हवी. रविवारी मोजायचं आणि मंगळवारी ३१ तारखेची शिल्लक काढून तुलना करायची, ही नेहमीची चूक आहे. मधल्या दोन दिवसांची विक्री जादा माल म्हणून दिसते आणि मग शोधाशोध सुरू होते.

मोजणी सुरू करण्यापूर्वी एका कागदावर तीन क्रमांक लिहून घ्या: शेवटचं विक्री बिल, शेवटचं डिलिव्हरी चलान आणि माल आत आल्याची शेवटची नोंद. मग तीन प्रश्न विचारा. माल गेला, पण बिल झालं नाही, असं काही आहे का? बिल झालं, पैसेही आले, पण माल अजून आपल्याच गोदामात आहे, असं आहे का? माल आला, पण खरेदीची नोंद बाकी आहे का? कायद्याप्रमाणे माल दुकानातून निघतानाच बिल व्हायला हवं. तरी शनिवारी संध्याकाळी साइटवर गाडी गेली आणि बिल सोमवारी झालं, असं होतंच. घर बांधणारं गिऱ्हाईकही शंभर पोत्यांचं बिल एकदम करतं आणि लागतील तशी पोती नेतं.

या तीन प्रश्नांची उत्तरं मोजणीच्या आदल्या रात्री मिळाली, तर पुढचं काम निम्मं होतं. नंतर विचारली, तर प्रत्येकाला आपल्या सोयीचं आठवतं.

मोजणी

मोजणाऱ्याच्या हातात पुस्तकी आकडा देऊ नका. मालाचं नाव, जागा आणि एकक एवढंच छापलेलं कोरं पत्रक द्या. कागदावर ४१२ लिहिलेलं असलं, की चारशेच्या पुढे मोजणारा थकतो आणि बरोबरची खूण करतो. एकाने मोजायचं, दुसऱ्याने लिहायचं आणि मोजून झालेल्या थप्पीवर खडूने खूण करायची, एवढी शिस्त बास आहे.

सिमेंटच्या थप्पीत एक खास अडचण असते. बाहेरून दिसणारी लांबी, रुंदी आणि थर गुणून आकडा काढला जातो, पण माल काढताना हमाल सोयीच्या बाजूने पोती उचलतात. मागची रांग दोन थर खाली गेलेली असते आणि समोरून ते दिसत नाही. शिडी लावून वरून पाहा किंवा थप्पी मागून फिरून बघा. त्याच वेळी खालच्या थरातली ओल लागून दगड झालेली पोती वेगळी मोजून लिहा. ती तूट नाहीत, कारण ती तिथे आहेत. त्यांचा हिशेब वेगळा होतो, तो पुढे येईल.

सळई नगात मोजावी आणि प्रत्येक जाडीच्या वीस-पंचवीस सळया काट्यावर टाकून वजन घ्यावं. हे वजन कशाला, तेही पुढे कळेल. वायरची बंद कॉइल आणि कापलेली कॉइल वेगवेगळी लिहावी. कापलेल्या कॉइलवरच्या मीटरच्या खुणा वाचून उरलेली लांबी काढता येते.

पत्रकाचे रकाने

बाजारात मिळणाऱ्या तयार नमुन्यांत साधारण चारच रकाने असतात: पुस्तकी, प्रत्यक्ष, फरक, रक्कम. त्यात दुरुस्तीला जागाच नसते. मी सुचवतो तो क्रम असा: माल, एकक, पुस्तकी शिल्लक, दुरुस्ती, दुरुस्त पुस्तकी शिल्लक, मोजणी, तफावत, दर, तुटीची रक्कम, जादा मालाची रक्कम आणि कारण. पुस्तकी शिल्लक C रकान्यात आली, तर दुसऱ्या ओळीतली सूत्रं अशी होतील:

```
E2: =C2+D2
G2: =F2-E2
I2: =MAX(0,-G2)*H2
J2: =MAX(0,G2)*H2
```

यातल्या दोन गोष्टींवर माझा आग्रह आहे. दुरुस्तीचा रकाना पुस्तकी शिलकीच्या शेजारी, वेगळा आणि उघडा ठेवा. मूळ आकडा खोडून नवा लिहू नका, कारण कुठली दुरुस्ती कशासाठी केली, ते सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही. आणि तूट व जादा यांना दोन स्वतंत्र रकाने द्या. एकाच रकान्यात अधिक-उणे लिहिलं, की बेरजेत दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात.

पहिलं, कच्चं पत्रक

आता सहा वस्तू घेऊ. कॉम्प्युटरमधली शिल्लक आणि पहिल्या मोजणीचे आकडे काहीही न तपासता मांडले, तर चित्र असं दिसतं.

सिमेंट पुस्तकात ४१२ पोती, मोजणीत ४०४. आठ पोती कमी, ३३० रुपये दराने २,६४० रुपयांची तूट. १२ एमएमची सळई पुस्तकात २,५४४ किलो. गोदामात २२६ सळया आहेत. १२ मीटरच्या एका सळईचं तक्त्यातलं वजन १०.६५६ किलो धरलं, तर २,४०८ किलोच भरतात. सुमारे १३६ किलो कमी, ५२ रुपये दराने ७,०५८ रुपये. बाहेरच्या भिंतींच्या इमल्शनच्या २० लिटरच्या बादल्या पुस्तकात १४, प्रत्यक्षात ११. तीन बादल्या कमी, १२,३०० रुपये. आतल्या इमल्शनच्या पुस्तकात ६, प्रत्यक्षात ९. तीन बादल्या जास्त, ८,७०० रुपये. दीड स्क्वेअर एमएमच्या वायरच्या पुस्तकात ३,४२० मीटर, म्हणजे ९० मीटरच्या ३८ कॉइल. रॅकवर ३६ सापडल्या. १८० मीटर कमी, ३,९६० रुपये. एक इंची एल्बो पुस्तकात २४०, मोजणीत ६४०. चारशे जास्त, आणि कॉम्प्युटर दाखवतो त्या ३७.१० रुपये सरासरी दराने १४,८४० रुपये.

एकूण तूट २५,९५८ रुपये, एकूण जादा २३,५४० रुपये. निव्वळ तूट फक्त २,४१८ रुपये. लाखोंच्या उलाढालीत अडीच हजार म्हणजे काहीच नाही, असं म्हणून मालक सही करून मोकळा होईल. आता एकेक ओळ उघडून पाहू.

सिमेंट: आत-बाहेरचा माल

शनिवारी संध्याकाळी २० पोती चलानावर साइटवर गेली, त्यांचं बिल सोमवारचं. पुस्तकाला ते अजून माहीत नाही. म्हणून दुरुस्तीच्या रकान्यात उणे २० आणि दुरुस्त पुस्तकी शिल्लक ३९२. दुसरीकडे, मोजलेल्या ४०४ पोत्यांतली १५ एका गिऱ्हाइकाची आहेत. बिल झालं, पैसे आले, पण पोती आपल्याच थप्पीत उभी आहेत. ती आपला साठा नाहीत. मोजणीतून ती वगळली, की ३८९ उरतात. खरी तूट तीन पोत्यांची, ९९० रुपयांची.

आठाची तीन झाली म्हणजे तूट घटली, असं वाटेल. पण बघा, वीस आणि पंधरा या दोन विरुद्ध चुका एकमेकांना जवळजवळ झाकत होत्या. कच्च्या पत्रकातली आठ ही संख्या कुठल्याच खऱ्या गोष्टीची नव्हती. गिऱ्हाइकांचा ठेवलेला माल वेगळ्या रंगाच्या चिठ्ठीने ओळखता येईल असा ठेवा, नाहीतर हा घोळ दर मोजणीला होईल.

मोजलेल्या ३८९ मध्येच चार पोती दगड झालेली आहेत. ती संख्येत मोजली जातात, पण त्यांची किंमत शून्य धरायची. साठा लागत किंमत आणि विकून हाती येणारी निव्वळ रक्कम यांपैकी जी कमी, त्या किमतीला धरायचा, हा हिशेबाचा मूळ नियम आहे. त्यामुळे चार पोत्यांचे १,३२० रुपये पत्रकाखाली ‘खराब माल’ म्हणून वेगळे लिहायचे, तुटीत मिसळायचे नाहीत. तुटीचं कारण माणसं किंवा नोंदी असतात, खराब मालाचं कारण ओल आणि जुना माल मागे राहणं. दोन्हींवरचे उपाय वेगळे.

सळई: वजनात घेतली, नगात विकली

इथे थोडं थांबायला हवं, कारण सळईच्या तुटीवरून गोदामातल्या माणसांवर जितका संशय घेतला जातो, तितका बहुधा दुसऱ्या कुठल्या मालावरून घेतला जात नाही.

सळईचं तक्त्यातलं वजन जाडीवरून ठरतं. १२ एमएमला मीटरमागे ०.८८८ किलो, म्हणून १२ मीटरला १०.६५६ किलो. प्रत्यक्षात कारखान्यातून निघालेली सळई त्याहून थोडी जड किंवा हलकी असते. भारतीय मानक आयएस १७८६ मध्येच १० एमएमपर्यंत सात टक्के, त्यापुढे १६ एमएमपर्यंत पाच टक्के आणि त्याहून जाड सळईला तीन टक्के इतका फरक दोन्ही बाजूंना चालतो.

या दुकानात काट्यावर वीस सळया २१६ किलो भरल्या, म्हणजे सळईमागे १०.८० किलो. तक्त्यापेक्षा फक्त १४४ ग्रॅम जास्त, नियमात पूर्ण बसणारी. पण खरेदी काट्याच्या वजनावर होते आणि विक्रीचं बिल नगावरून, तक्त्यातल्या वजनाने होतं. म्हणजे प्रत्येक सळई विकताना गोदामातून १०.८० किलो जातात आणि पुस्तकातून १०.६५६ वजा होतात. गेल्या मोजणीपासून अशा ६४० सळया विकल्या गेल्या. ६४० गुणिले ०.१४४ म्हणजे ९२.१६ किलो लोखंड गिऱ्हाइकांकडे गेलं आणि पुस्तकात मात्र राहिलं.

आता हिशेब पुन्हा मांडा. २२६ सळया खऱ्या वजनाने २,४४०.८ किलो. तूट १०३.२ किलो, ५,३६६ रुपये. त्यातले ९२.१६ किलो, म्हणजे ४,७९२ रुपये वजनाच्या पद्धतीमुळे गेले. उरले ११ किलो, ५७४ रुपये. म्हणजे एक सळई. संशय घ्यायचाच, तर एका सळईचा घ्या.

या हिशेबाला एक मर्यादा आहे. वेगवेगळ्या लॉटचं वजन वेगळं असतं आणि आज काट्यावर टाकलेल्या वीस सळया वर्षभराच्या मालाचं प्रतिनिधित्व करतीलच असं नाही. त्यामुळे ९२ किलो हा अंदाज आहे. खरेदीच्या प्रत्येक बिलावर वजनाशेजारी नगांची संख्याही लिहून घेतली, तर हाच आकडा लॉटनिहाय पक्का काढता येतो.

रंग: अदलाबदल

एका इमल्शनच्या तीन बादल्या कमी, दुसऱ्याच्या तीन जास्त. एकाच कंपनीचा रंग, बादलीचा आकार सारखा, रॅक शेजारी-शेजारी. बिल आतल्या रंगाचं झालं असतं, तर पुस्तकातून आतला रंग कमी होतो आणि गाडीत बाहेरचा चढतो. पुस्तकात आतला रंग कमी दिसत असल्याने मोजणीत तो जास्त निघतो. आकडे याच दिशेचे आहेत.

तरी सारखे आकडे दिसले म्हणून लगेच वळती घालू नका. मी चार गोष्टी तपासतो: दोन्ही माल दिसायला खरंच सारखे आहेत का, संख्या जुळते का, दोन्ही एकाच माणसाच्या हातून निघतात का आणि एखादं बिल किंवा चलान याला दुजोरा देतं का. समजा, बाहेरच्या भिंती रंगवणाऱ्या ठेकेदाराला आतल्या इमल्शनच्या तीन बादल्यांचं बिल सापडलं. मग खात्री झाली. सळईची तूट एल्बोच्या वाढीत वळती घालण्याला मात्र काही अर्थ नाही, मग रक्कम कितीही जुळो.

वळती घातली, तरी नुकसान शून्य होत नाही. ४,१०० ची बादली गेली आणि २,९०० ची राहिली. तीन बादल्यांचे ३,६०० रुपये लागत किमतीतच गेले. गिऱ्हाइकाला बिलही स्वस्त मालाचं लागलं, म्हणून त्याच्याकडून विक्री किमतीतला फरक मागायचा की सोडायचा, हा मालकाचा निर्णय. मागायचा ठरलं, तर डेबिट नोट काढा. पत्रकात मात्र दोन्ही ओळी पूर्ण रकमेने दाखवा आणि वळती खाली वेगळी लिहा, म्हणजे तपासणाऱ्याला ती दिसेल.

वायर: दुसरी मोजणी

मोठी तूट दिसली, की पहिलं काम पुन्हा मोजणं, आणि तेही दुसऱ्या माणसाने. दुसऱ्या मोजणीत काउंटरच्या खाली कापलेली एक कॉइल सापडली, ७० मीटरची. म्हणजे ३६ कॉइल आणि ७० मीटर मिळून ३,३१० मीटर. तूट ११० मीटर, २,४२० रुपये. एक पूर्ण कॉइल आणि २० मीटर. सुटी वायर कापताना हात सैल सुटतो, त्यात २० मीटर गेले हे मला पटतं. पूर्ण कॉइल मात्र कापताना जात नाही. तिचं कारण मिळालं नाही, म्हणून कारणाच्या रकान्यात ‘कारण सापडलं नाही’ असंच स्पष्ट लिहा. ‘किरकोळ फरक’ असं लिहिलं, की शोध तिथेच संपतो.

एल्बो: खोटी श्रीमंती

चारशे एल्बो जास्त सापडले, तेव्हा आनंद वाटायला नको. दुकानात फुकट माल येत नाही. इथे १०० नगांच्या चार पिशव्यांच्या खरेदीची नोंद करताना ४ नग असं टाकलं गेलं. बिलाची रक्कम ५,६०० रुपये मात्र बरोबर पडली. म्हणजे चार नगांचे ५,६०० रुपये, नगामागे १,४०० रुपये! आधीच्या २३६ नगांचे १४ रुपये दराने ३,३०४ रुपये होते. दोन्हींची बेरीज ८,९०४ रुपये, २४० नगांवर वाटले तर सरासरी ३७.१० येते. त्या फुगलेल्या दराने चारशे नगांना गुणलं, म्हणून १४,८४० रुपयांची वाढ दिसत होती आणि तीच खरी तूट झाकत होती.

नोंद सुधारली, की पुस्तकी शिल्लक ३९६ नी वाढून ६३६ होते आणि ८,९०४ भागिले ६३६ म्हणजे दर पुन्हा १४ रुपये. मोजणीत ६४० होते. चार नग जास्त, ५६ रुपये. म्हणून मोठी वाढ दिसली, की दर लावण्याआधी खरेदीच्या नोंदीतलं एकक तपासा. नगामागचा दर बाजारभावापेक्षा विचित्र दिसणं, ही याची सगळ्यात सोपी खूण.

सुधारलेलं पत्रक

| माल (एकक) | पुस्तकी | दुरुस्ती | दुरुस्त पुस्तकी | मोजणी | तफावत | दर | तूट रु. | जादा रु. |
|---|---|---|---|---|---|---|---|---|
| सिमेंट (पोती) | ४१२ | −२० | ३९२ | ३८९ | −३ | ३३० | ९९० | – |
| सळई १२ एमएम (किलो) | २,५४४ | ० | २,५४४ | २,४४०.८ | −१०३.२ | ५२ | ५,३६६ | – |
| बाहेरचा इमल्शन (बादली) | १४ | ० | १४ | ११ | −३ | ४,१०० | १२,३०० | – |
| आतला इमल्शन (बादली) | ६ | ० | ६ | ९ | +३ | २,९०० | – | ८,७०० |
| वायर (मीटर) | ३,४२० | ० | ३,४२० | ३,३१० | −११० | २२ | २,४२० | – |
| एल्बो (नग) | २४० | +३९६ | ६३६ | ६४० | +४ | १४ | – | ५६ |
| एकूण | | | | | | | २१,०७६ | ८,७५६ |

निव्वळ तूट १२,३२० रुपये. कच्च्या पत्रकात ती २,४१८ दिसत होती. एल्बोचे जादा ५६ रुपये बाजूला ठेवून रंगाची वळती घातल्यावर तूट १२,३७६ उरते आणि तिचे कारणांनुसार तीन भाग पडतात: सळईच्या वजनाचे ४,७९२, रंगाच्या अदलाबदलीचे ३,६०० आणि कारण न सापडलेले ३,९८४ रुपये. मालकासमोर ठेवायचे आकडे हे तीन.

दर कुठला लावायचा, यावर वाद होतात. तूट लागत किमतीने काढा, विक्री किमतीने नाही. लागत म्हणजे खरेदीचा दर, त्यावर माल दुकानापर्यंत आणण्याचं भाडं आणि हमाली. जीएसटीची वजावट घेतली असेल, तर कर दरात धरायचा नाही. सरासरी भाव की आधी आलेला आधी गेला, यांपैकी जी पद्धत वर्षभर साठ्याला लावता, तीच इथे लावा.

पुस्तकात उतरवणं

TallyPrime वापरत असाल, तर मोजणीची संख्या Physical Stock व्हाउचरने टाकता येते. हे व्हाउचर त्या तारखेची शिल्लक तुम्ही दिलेल्या संख्येवर आणून ठेवतं. इथे दोन ठिकाणी लोक फसतात. सिमेंटची शनिवारची २० पोती डिलिव्हरी नोट म्हणून शनिवारच्या तारखेला नोंदवली नाहीत आणि रविवारी ३८९ टाकून सोमवारी बिल केलं, तर तीच २० पोती दुसऱ्यांदा वजा होतात आणि पुस्तक ३६९ दाखवतं. म्हणून अडकलेल्या सगळ्या नोंदी आधी पूर्ण करा, एल्बोची खरेदी मूळ व्हाउचरमध्येच दुरुस्त करा, आणि शेवटी Physical Stock करा.

दुसरी गोष्ट: हे व्हाउचर फक्त संख्या बदलतं, कुठल्याही खात्याला रक्कम जात नाही. साठा कमी होतो आणि तेवढा ढोबळ नफा गुपचूप घटतो. तूट डोळ्यांसमोर राहावी, असं वाटत असेल, तर वेगळी जर्नल नोंद करा. साठा तूट खाते नावे, खरेदी खाते जमा. एकूण नफा तोच राहतो, पण वर्षअखेरीला तुटीची रक्कम नावानिशी दिसते.

जीएसटीची बाजू टाळू नका. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) नुसार हरवलेल्या, चोरीला गेलेल्या, नष्ट झालेल्या किंवा पुस्तकातून काढून टाकलेल्या मालावर घेतलेली वजावट परत करावी लागते. आपल्या उदाहरणात कारण न सापडलेले ३,९८४ आणि टाकून दिलेल्या सिमेंटचे १,३२० मिळून ५,३०४ रुपये. सगळा माल १८ टक्क्यांचा, म्हणून ९५४.७२ रुपये, निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. GSTR-3B मध्ये ते 4(B)(1) या ओळीत जातात. सिमेंटवरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्याआधीच्या खरेदीतलं पोतं असेल, तर त्या बिलातला २८ टक्के दर धरावा लागेल.

सळईचे ९२ किलो आणि रंगाच्या बादल्या हरवलेल्या नाहीत. त्या विक्रीतच गिऱ्हाइकाकडे गेल्या. म्हणून त्यांना हे कलम लागू नये, असं माझं मत आहे. पण ते पटवून द्यायला वजनाची पावती, विकलेल्या नगांची यादी आणि रंगाचं ते बिल पत्रकाला जोडलेलं हवं, आणि तुमच्या सीएशी एकदा बोलून घ्यावं. नियम ५६ नुसार हरवलेल्या व काढून टाकलेल्या मालासह साठ्याचा हिशेब ठेवणं कंपोझिशनमधले व्यापारी सोडून इतर नोंदणीकृत व्यापाऱ्यांना बंधनकारक आहे. पत्रक सही-तारखेसह जपून ठेवण्याचं तेही एक कारण.

तूट कामगाराच्या पगारातून कापण्याचा विचार येत असेल, तर त्याच्या चुकीमुळेच नुकसान झालं हे दाखवता यायला हवं आणि आधी त्याला बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. वर पाहिलं तसं, २६ हजारांच्या कच्च्या तुटीपैकी कारण न सापडलेला भाग चार हजारांचाही नव्हता.

मोजणीनंतरचा महिना

पत्रकावर सह्या झाल्या, की प्रत्येक कारणासमोर एक काम लिहा. सळईसाठी विक्रीचं बिल काट्याच्या वजनावर करा, किंवा नगात विकायची असेल, तर नगाचा भाव त्या लॉटच्या खऱ्या वजनावरून ठरवा. फिटिंगच्या मालाला पिशवी आणि नग ही दोन्ही एककं मास्टरमध्येच जोडून ठेवा, म्हणजे खरेदी करणाऱ्याला मनात गुणाकार करावा लागणार नाही. दोन्ही इमल्शनच्या बादल्या वेगळ्या भिंतींवर लावा.

वायरसाठी वर्षभर थांबू नका. एप्रिलपासून दर शनिवारी फक्त वायरच्या कॉइल मोजा. त्याला दहा मिनिटंही लागत नाहीत. पुन्हा एक कॉइल कमी झाली, तर ती कुठल्या आठवड्यात गेली ते कळेल, आणि त्या आठवड्याची चलानं, बिलं आणि काउंटरवर कोण होतं, एवढंच पाहायचं उरेल.